ओंकार, बेरीज पाच लाख साठ हजारच होतेय

चि. ओंकार,

ऑनलाइन जुगारात झालेल्या देण्याची तुझी चिठ्ठी मिळाली. रविवारी तू संध्याकाळच्या एसटीनं गेलास आणि मी रात्री भांडी आवरताना लोणच्याची बरणी धुवायला घेतली तर आत कागद. आधी वाटलं तूच कागदाचं झाकण केलंयस, तेल गळू नये म्हणून. चार पानं, कोपऱ्याला तेल लागलेलं, तिसऱ्या पानावरचं निम्मं अक्षर पुसट झालंय. तरी वाचलं सगळं. उभ्याउभ्याच वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग बाबांना दिलं.

बाबा काही बोलले नाहीत. हे तुला आधीच सांगते कारण तू तेच विचारशील. चिडले नाहीत, ओरडले नाहीत, ओट्यावर जाऊन बसले. मी तुला लगेच फोन केला तेव्हा तू झोपलो होतो म्हणालास आणि मला तुझ्या आवाजावरून कळलं की झोपला नव्हतास. तुझ्या चिठ्ठीत ते एक वाक्य आहे, "कधी कधी वाटतं सगळं संपवून टाकावं". त्याच्याबद्दल मी फोनवर विचारलं, तू म्हणालास सहज लिहिलं. असलं सहज कोणी लिहीत नाही बाळा. मी तुला हातभर लिहिणार आहे पैशांचं, पण त्याच्या आधी हे वाच, पैसे हे पैसेच आहेत, आमच्याकडं त्यातले थोडे आहेत आणि बाकीचे फेडता येतात, मी आकड्यानिशी दाखवते. रात्री तसं काही मनात आलं तर मला उठव, दोन वाजता उठव. आणि मी नाही उचलला तर 14416 लाव, सरकारची टेली-मानस म्हणून लाइन आहे, चोवीस तास असते, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तुझ्या रूममधल्या निखिलला सांग की आज एकटं ठेवू नको म्हणून. त्याला खरं सांग. त्याचे वीस हजार तू देणं लागतोसच, त्याला कळायलाच पाहिजे.

आता बेरजेचं. तुझी आई बावीस वर्षं पतसंस्थेत कर्ज खात्यावर बसते, मला समोर आकडे दिसले की बेरीज आपोआप होते, मी मुद्दाम नाही केली. बँकेचं पर्सनल लोन, जुलैत तीन लाख घेतलेस, लॅपटॉप घेतला म्हणून सांगितलं होतंस, सहा हप्ते जाऊन राहिले 2,60,000. क्रेडिट कार्ड 1,18,000. मोबाइलवरची चार लोन अ‍ॅप मिळून 42,000. हडपसरचा तो माणूस, ज्याला कोरा चेक सही करून दिलायस, त्याचे 80,000. मित्रांचे 60,000. झाले पाच लाख साठ हजार. आणि शेवटच्या पानावर तू लिहिलंस "सहा लाखांची मदत करा, हात जोडतो".

हे वरचे चाळीस हजार कशाचे?

मी हे पहिल्याच पानात विचारणार नव्हते. पण विचारून झालं. कदाचित तू सरळ राउंड आकडा लिहिला असशील. तसंच असेल तर तसं सांग, मला बरंच वाटेल.

तुला दादामामाचं माहितीये ते फक्त तो कोल्हापूरला राहतो आणि लग्नाला येत नाही एवढंच. त्याला मटक्याचा नाद होता. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या, ओपन काय लागला क्लोज काय लागला, धुवायला टाकलेल्या कपड्यातनं आजीला त्या सापडायच्या. एकदा तो आजीसमोर बसून रडला आणि म्हणाला आठ हजार देणं आहे, आजीनं दोन्ही म्हशी विकल्या आणि आठ हजार त्याच्या हातात दिले. मी तेव्हा नववीत होते. रिकामा गोठा मला अजून दिसतो. दिवाळीला एक माणूस दारात आला, मग दुसरा, शेवटी निघाले एकवीस हजार. त्यानं खोटं सांगितलं होतं असं मी आता म्हणत नाही, त्यानं जेवढं सांगायचं धाडस झालं तेवढं सांगितलं, बाकीचं "मी बघतो" म्हणून मागं ठेवलं. आणि ते मागं ठेवलेलं फेडायला म्हणून त्या आठमधलेच थोडे परत आकड्यावर लावले. म्हणून मला चाळीस हजारांची भीती वाटते रे. त्या चाळीस हजारांत एकतर एखादा माणूस आहे ज्याचं नाव तू लिहिलं नाहीस, नाहीतर अजून एक शेवटचा डाव आहे.

बघ, लागले ना लेक्चर द्यायला. सॉरी.

तू स्टेटमेंटचे फोटो पाठवलेस ते मी काल दुपारी सुट्टी टाकून बघितले. 11 जानेवारीची रात्र मी कागदावर उतरवून काढली. 11:42 ला 500. मग 1000. मग 2000, 4000, 8000. 12:31 ला 16,000. दर वेळी दुप्पट, म्हणजे एकदा जरी जिंकलो तरी आधीचं सगळं परत येऊन वर पाचशे सुटतील, हाच हिशोब होता ना तुझा. सहा वेळचे मिळून 31,500 झाले. सातव्याला 32,000 पाहिजे होते आणि खात्यात उरले होते अकराशे. मग 1:12 ला लोन अ‍ॅपचे 7000 जमा. तेही 1:20 च्या आत गेले.

मी तुझा तो खेळ बाबांना समजावून सांगत होते, स्क्रीनवर विमान वर जातं, आकडा वाढत जातो, विमान उडून जायच्या आत पैसे काढायचे, दुप्पट होईपर्यंत थांबलं तर साधारण निम्म्या वेळा मिळतात. बाबांनी ऐकलं आणि वर्कशॉपच्या जुन्या डायरीचं पान फाडून घेतलं, एक रुपयाचं नाणं घेतलं आणि ओट्यावर बसून उडवायला लागले. शंभर वेळा. दर वेळी डायरीच्या पानावर छ नाहीतर का लिहीत होते, चष्मा नाकावर, एक शब्द नाही. अठ्ठेचाळीसपासून त्रेपन्नपर्यंत सलग सहा काटे पडले. त्यांनी त्याच्याभोवती पेन्सिलनं गोल केला, कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हे तर होणारच की." रात्रीतून शंभर डाव खेळायचे म्हटलं तर निम्म्याहून जास्त रात्री असले सलग सहा कुठंतरी येणारच, आणि सातव्याला पैसे पुरवायला खिसा पाहिजे. तुझं नशीब वाईट नव्हतं ओंकार. तू ज्याला पॅटर्न पॅटर्न म्हणत होतास ते ते गोल केलेले सहा काटे होते. तो कागद मी जपून ठेवलाय, तू आलास की दाखवते.

आणि हे तर नाणं होतं, सरळ. त्या खेळात शंभर रुपयांतले सत्त्याण्णव लोकांना परत जातात असं लिहिलेलं असतं, ते खरं धरलं तरी तीन रुपये दर फेरीला कापले जातात, एकदा नाही, दर फेरीला. तू एका रात्रीत पाचशेचे दोनशे डाव लावलेस म्हणजे लाखाची उलाढाल झाली, त्यातले सरासरी तीन हजार जायचेच, कितीही हुशारीनं खेळ. आणि टेलिग्रामवर मिळालेल्या आयडीवर सत्त्याण्णव तरी खरे कशावरून.

कारण तुझे पैसे गेले कुणाला ते पण बघितलं मी. स्टेटमेंटमध्ये यूपीआयला दर वेळी वेगळं नाव. कुठं किराणा, कुठं ट्रेडर्स, कुठं नुसतं एखाद्या बाईचं नाव. ही भाड्यानं घेतलेली खाती असतात, आमच्याकडं ट्रेनिंगला सांगितलं होतं. तू सुरुवात केलीस 2023 च्या आयपीएलला एकोणपन्नास रुपयांची टीम लावून, ते निदान उघडपणे चालायचं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, ती अ‍ॅप बंद झाली, आणि तू थांबायच्या ऐवजी या चोरवाटेला लागलास. त्यात एक धोका तुला माहीत नसेल. नोव्हेंबरात तू जिंकलेले 9,000 तुझ्या खात्यात आले ते पण असल्याच खात्यातून आलेत. त्या खात्यावर कुणी फसवणुकीची तक्रार केली तर सायबर पोलीस पैसा जिथं जिथं गेला ती खाती गोठवायला सांगतात, मग तुझा पगार पण आत अडकतो. म्हणून आता तिथून "विथड्रॉ" करून देणं फेडतो असलं काही डोक्यात असेल तर काढून टाक. तिथं अडकलेले राहू देत. ते गेले.

पोलिसांना घाबरून तू इतके दिवस बोलला नाहीस असं लिहिलंयस. त्या नव्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. एवढं आधी आईला विचारलं असतंस तर.

नाही, असं नको म्हणायला. मी विचारण्यासारखी होते का तेव्हा? दिवाळीत तू आलास, वाळलेला, फोन उलटा ठेवायचास, आणि मी काय बोलले तर ऑफिसचं टेन्शन का रे, आणि चकल्या वाढल्या. कर्जदार समोर आला की त्याच्या चपलेवरनं ओळखते मी हप्ता थकणार का नाही ते, आणि पोटच्या पोराचं कळलं नाही. ताईला जानेवारीत त्या अ‍ॅपवाल्यांचा फोन आला होता, तिनं मला सांगितलं नाही, तिचं बाळ लहान म्हणून मी तिला काही बोलले नाही.

आता पैसे. बाबांची एफडी मोडायची का हे त्यांनी ठरवायचं होतं, मी एक शब्द बोलले नाही. काल जेवताना म्हणाले, "मोड. पण त्याच्या हातात देऊ नको." मला पण तेच म्हणायचं होतं. तुला वाईट वाटेल. आमच्याकडं असं कितीदा होतं, बाप येतो, पोराचं सगळं देणं एका दिवसात भरतो, सह्या होतात, बाप हात जोडून जातो आणि वर्षाच्या आत पोरगा परत काउंटरवर. कारण भरलं म्हणजे काय होतं, कार्डाची लिमिट परत मोकळी होते, अ‍ॅपवर लगेच मेसेज येतो, अभिनंदन, तुम्ही आता दुप्पट कर्जाला पात्र. खड्डा बुजवला आणि फावडं तिथंच ठेवलं असं होतं ते. म्हणून सगळं नाही भरायचं. जे सडतंय तेवढंच भरायचं.

कार्ड सडतंय. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 4,130 व्याज, त्यावर जीएसटी 743, आणि तू "मिनिमम" म्हणून 5,900 भरत होतास. मुद्दलातले हजार रुपये कमी होत होते फक्त, आणि तू समजत होतास कार्ड वेळेवर भरतोय. ते आम्ही पूर्ण भरतो आणि त्याच दिवशी कार्ड बंद करायचा लेखी अर्ज तू द्यायचा, सात कामाच्या दिवसांत त्यांना बंद करावं लागतं. हडपसरवाला सडतोय. तीन महिने आठ-आठ हजार दिलेस, चोवीस हजार गेले, ऐंशी तसेच उभे. परवाना असलेल्या सावकाराला पण बिगरतारणी कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, म्हणजे ऐंशी हजाराला महिन्याला बाराशे, आणि हा आठ हजार घेतो. परवाना नसेल तर सावकारी कायद्यात त्याला तुरुंग आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडं करता येते, त्या ऑफिसात मी पंधरा वर्षं जातेय. त्याच्याकडं तू एकटा जायचं नाही. मी आणि बाबा येऊ. पैसे खात्यावर, कॅश नाही, आणि आधी तो चेक टेबलावर.

अ‍ॅपचं थोडं वेगळं आहे. दहा हजारांचं कर्ज म्हणून हातात सात, आणि सात दिवसांत दहा परत, म्हणजे आठवड्याला त्रेचाळीस टक्के, असला रेट मी सावकाराचा पण ऐकला नाही. मी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अ‍ॅपची यादी असते ती उघडून बघितली, तुझ्या चारपैकी दोन त्यात आहेत, त्यांच्यामागे कंपनी आहे, त्यांचं भरून टाकू आणि नो ड्यूजचं पत्र घेऊ. बाकीच्या दोघांना एक रुपया द्यायच्या आधी सायबर हेल्पलाइनच्या 1930 नंबरला तक्रार. मेसेज डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढ, धमक्यांचे पण. आपल्या कॉन्टॅक्टला हात लावायची कुठल्याच कर्जाच्या अ‍ॅपला परवानगी नाही आणि वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी न् संध्याकाळी सातच्या नंतर करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. ते तुझा फोटो काहीतरी करून पाठवतील अशी तुला भीती आहे ना. पाठवू देत. ज्यांना जाईल त्यांना आधीच तू फोन करून सांग, मी आत्याला सांगितलंय, ती रडली, मग म्हणाली त्याला म्हणावं जेवतोस का.

तर कार्ड 1,18,000, अ‍ॅप 42,000, हडपसर 80,000. दोन लाख चाळीस हजार आमचे. त्यातनं उरले तर बाबांच्या खात्यात परत.

पर्सनल लोन तू फेडायचं, 10,547 चा हप्ता, तो तू आजवर चुकवला नाहीस हे मी बघितलं स्टेटमेंटवर. एवढ्या सगळ्यात पण पाच तारखेला तेवढे बाजूला ठेवलेस. ते बघून मला रडू आलं, का कोण जाणे, तुझ्या आजोबांचं सोसायटीचं कर्ज असंच एक दिवस न चुकता जायचं. मित्रांचे साठ तू फेडायचे, महिन्याला पाच हजार, बारा महिने. पगार 34,000 मधनं हप्ता, भाडं सात, मित्रांचे पाच गेले तर 11,453 राहतात, त्यात पुण्यात डबा आणि बस होते, मजा नाही होत. मित्रांचं संपलं की बाबांना आठ हजार, अडीच वर्षं. पगार दर महिन्याला आला की आधी माझ्या खात्यात आणि मी तुला दर सोमवारी टाकणार. सव्वीस वर्षांच्या पोराला असं सांगताना मला बरं वाटत नाही. पण पगार झाल्याची पहिली रात्र तुझ्या स्टेटमेंटवर सगळ्यात वाईट आहे, पाचही महिने, तूच बघ.

आणि डॉक्टर. "परत खेळणार नाही" असं तू तीनदा लिहिलंयस, तिसऱ्यांदा खाली रेघ मारून. मला ते नकोय. मला तारीख पाहिजे अपॉइंटमेंटची. जुगाराचा नाद हा आजार म्हणून डॉक्टरी पुस्तकात आहे, हरलेलं परत मिळवायला खेळणं आणि घरी खोटं सांगणं ही त्याचीच लक्षणं म्हणून लिहिलीत, मी वाचलं तेव्हा वाटलं दादामामावरच लिहिलंय. त्याला कुणी डॉक्टरकडं नेलं नाही. आजी देवाला घेऊन गेली, आण घातली, नारळ फोडला.

अजून एक. सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ आणि घेऊन ये. कंपन्यांची आणि बँकेची सगळी कर्जं त्यात दिसतात, तू विसरला असशील ती पण. मला तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. असू दे, थोडा नाहीये विश्वास आत्ता, ते पण खरं सांगते. पण रिपोर्टात हडपसरवाला दिसत नाही आणि मित्र दिसत नाहीत आणि ते चाळीस हजार असतील कुणाचे तर ते पण दिसणार नाहीत, ते फक्त तुलाच माहितीयेत.

शनिवारी ये. स्वारगेटवरनं सकाळची गाडी पकड, बाबा कराड स्टँडवर घ्यायला येणार म्हणालेत, मी सांगितलं नव्हतं, आपणहून म्हणाले. बरणी भरून ठेवलीय. येताना पासबुक, कार्ड आणि त्या माणसाचा नंबर आण. चाळीस हजारांचं मी दारात विचारणार नाही, जेवायच्या आधी पण विचारणार नाही. तूच सांग. आणखी एखादं नाव असेल तर शाळेच्या वहीचं पान मी कोरं ठेवलंय, वर तारीख घालून ठेवलीय, त्यावर लिही. काही नसेल तर तसं लिही.

तुझी
आई

ता. क. निखिलचा नंबर मला पाठव. त्याला मी काही बोलणार नाही, फक्त रात्री एकदा विचारायला.